चकचकीत टेबलावरचं प्रतिबिंब: उडवायचं की ठेवायचं?

उत्पादनाचा फोटो रिटच करून पाठवला की क्लायंटचा निरोप येतो: ‘बाटलीखालचं ते उलटं प्रतिबिंब काढा, विचित्र दिसतंय.’ आपण काढतो. दुसऱ्या फेरीत निरोप येतो: ‘बाटली हवेत तरंगतेय.’ मग आपण मऊ ब्रशने खाली सावली रंगवतो आणि तिसऱ्या फेरीत ‘कापून चिकटवल्यासारखं वाटतंय’ हे ऐकून घेतो. शेवटी मूळ प्रतिबिंब अर्धवट परत आणलं जातं आणि फाइल मंजूर होते. पुढच्या उत्पादनाच्या वेळी हेच सगळं पहिल्यापासून.

हे वारंवार होतं, कारण प्रश्न चुकीचा विचारला जातो. ‘प्रतिबिंब चांगलं दिसतंय का?’ यावर दोन माणसांचं एकमत होणार नाही. त्याऐवजी ‘या फोटोत प्रतिबिंब कोणतं काम करतंय, आणि ते गेल्यावर ते काम कोण करणार?’ असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत मिळतं. वस्तू नेमकी कुठे टेकली आहे हे डोळ्याला सांगणं, हे ते काम. खरखरीत पृष्ठभागावर सावली ते करते. चकचकीत पृष्ठभागावर सावली फिकी पडते किंवा दिसतच नाही, आणि तो सगळा भार प्रतिबिंबावर येतो.

आधी टेबल पाहा, मग वस्तू

काळं अ‍ॅक्रिलिक आणि पांढरं अ‍ॅक्रिलिक ही दोन्ही शीट चकचकीत असली, तरी त्यांच्यावरचा निर्णय अगदी वेगळा पडतो. दोन्हींचा वरचा थर प्रकाश सारख्याच प्रमाणात परावर्तित करतो. फरक खालून येणाऱ्या रंगाचा आहे.

काळ्या शीटचा स्वतःचा उजेड जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे तिथे दिसतो तो फक्त परावर्तित प्रकाश. फिकट वस्तूचं प्रतिबिंब ठसठशीत येतं, गडद वस्तूचं जेमतेम कळतं. आणि काळ्यावर सावली पडली तरी दिसणार कशी? आधीच काळं असलेलं आणखी काळं होत नाही. म्हणजे इथे प्रतिबिंब पूर्ण उडवलं, तर टेबल आहे हे सांगणारी एकही खूण फोटोत उरत नाही. काळ्या शीटवरचं प्रतिबिंब पूर्णपणे उडवू नये, हा माझा ठाम नियम आहे. छोटं करा, मंद करा, पण पायाजवळचा पट्टा ठेवा. क्लायंटला ते अजिबातच नको असेल, तर त्याला काळा टेबलच नको आहे. तसं त्याला सरळ सांगावं आणि वस्तू दुसऱ्या पृष्ठभागावर पुन्हा शूट करावी.

पांढऱ्या शीटवर गंमत वेगळी आहे. शीटचा स्वतःचा पांढरा उजेड भरपूर असतो आणि त्यावर परावर्तित प्रकाशाची भर पडते. मागची पार्श्वभूमीही पांढरी असेल, तर टेबलभर तिचं प्रतिबिंब पसरलेलं असतं. ते नुसतं पांढऱ्यात पांढरं असल्याने जाणवत नाही. काळं झाकण ठेवलं की तेवढ्या भागात पार्श्वभूमीचं प्रतिबिंब अडतं आणि तो भाग करडा दिसतो. आपण ज्याला गडद वस्तूचं प्रतिबिंब म्हणतो, ती खरं तर उजेडातली तूट आहे. याचा व्यवहारातला फायदा असा की ही तूट कर्व्ह वर उचलून भरून काढता येते. त्यावर पांढरा रंग फासावा लागत नाही. शिवाय पांढऱ्या शीटवर संपर्काजवळची मऊ सावली खरोखर उमटलेली असते. त्यामुळे प्रतिबिंब गेलं तरी वस्तूला धरून ठेवायला काहीतरी उरतं.

तिसरा प्रकार साध्या काचेचा, म्हणजे रंगीत कागदावर काच ठेवून केलेलं शूट. काचेचे दोन पृष्ठभाग असतात, वरचा आणि खालचा, आणि दोन्ही प्रतिबिंब देतात. वस्तूच्या पायाशी एकावर एक सरकलेल्या दोन कडा दिसल्या, तर कारण हेच. ही दुहेरी कड दुरुस्त करत बसण्यात वेळ जातो. इथे मी प्रतिबिंबाचा पहिला पट्टा ठेवून बाकीचं लवकर विरघळवतो.

फोटो कुठे जाणार आहे

यावर फार बोलण्यासारखं नाही. ऑनलाइन विक्रीच्या मुख्य फोटोसाठी शुद्ध पांढरी पार्श्वभूमी, म्हणजे तिन्ही चॅनलना 255, मागितली असेल, तर लांब प्रतिबिंब जाणारच. संपर्काची सावली चालते का, हे त्या ठिकाणच्या नियमांत वाचून घ्या, कारण नियम जागोजागी वेगळे असतात. बॅनर, छापील पान, जाहिरात यांना असं बंधन नसतं. एकाच मूळ फाइलमधून दोन्ही गोष्टी निघतात, म्हणून मूळ प्रतिबिंब कधीही कायमचं पुसू नका, मास्कने झाका.

वस्तूने टेबल अंगावर घेतलंय का?

हा मुद्दा सगळ्यात जास्त सुटतो. वस्तूच्या खालच्या भागात टेबल आधीच शिरलेलं असतं. क्रोमच्या कड्याच्या खालच्या वळणात टेबलाची उजळ पट्टी आणि तिच्या टोकाला काळी रेघ दिसते. पारदर्शक काचेच्या जाड बुडातून टेबलच दिसतं, वळून आणि वाकून. चकचकीत प्लॅस्टिकच्या बुडाला खालून आलेला उजेड लागलेला असतो.

तुम्ही वस्तूबाहेरचं प्रतिबिंब उडवलं, तरी वस्तूच्या आतलं तसंच राहतं. मॅट गत्त्याच्या खोक्याला याने काही फरक पडत नाही. क्रोम किंवा काच असेल, तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय हे सांगता येत नाही, पण खटकतं. वस्तू म्हणते की मी चकचकीत जागेवर उभी आहे, आणि जागा तसं म्हणत नाही. अशा वस्तूंखाली थोडं तरी खरं प्रतिबिंब राहू द्यावं. आतलं टेबल रंगवून काढायच्या भानगडीत पडू नये. काचेचं बूड एकदा सपाट केलं की ते काचेचं राहत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

30 मिलीची तपकिरी काचेची सीरमची बाटली घेऊ. काळं ड्रॉपर झाकण, पांढरं लेबल, त्यावर काळी अक्षरं. पांढरं अ‍ॅक्रिलिक, मागे पांढरी पार्श्वभूमी, कॅमेरा टेबलाच्या पातळीपेक्षा दहाबारा अंश वर. फ्रेममध्ये बाटलीची उंची 2400 पिक्सेल. खाली प्रतिबिंब थेट फ्रेमच्या कडेपर्यंत गेलेलं आणि तिथे कापलं गेलेलं. मागणी दोन फोटोंची: कॅटलॉगचा शुद्ध पांढरा मुख्य फोटो आणि पानाच्या वर टाकायचा बॅनर.

आधी टेबलावरचे आकडे वाचायचे. मोकळं टेबल 238, काचेच्या भागाचं प्रतिबिंब 200 च्या आसपास, झाकणाचं 190, आणि लेबलाचं 230. लेबल पांढरं असल्याने त्याच्या प्रतिबिंबात तूट जवळपास नाही, म्हणून तिथे फिकट भोक पडल्यासारखं दिसतं आणि त्यात उलटी अक्षरं तरंगतात. क्लायंटला ‘विचित्र’ वाटलं ते बहुधा हेच. संपर्काजवळची गडद रेघ 120 च्या जवळ.

आता मास्क. इथे आपोआप निवड करणारं साधन वापरू नका. बाटलीचं बूड तपकिरी आणि लगेच खाली तिचं प्रतिबिंबही तपकिरी, त्यामुळे ते साधन दोन्हींना एकच वस्तू समजतं आणि बाटलीला शेपूट फुटतं. पेन टूलने पाथ काढा. बुडाची कड गोलसर असते, म्हणून बाटलीची वळणारी कड आणि तिचं प्रतिबिंब यांच्यामध्ये एक बारीक गडद रेघ दिसते. खरा स्पर्श त्या रेघेच्या आत होतो. पाथ रेघेच्या मधून न्या. रेघेच्या वरून नेलात, तर बाटलीची सगळ्यात खालची कड टेबलाच्या लेयरमध्ये जाईल आणि पुढच्या पायरीत फिकी पडेल.

बाटली तिच्या वेगळ्या लेयरवर सुरक्षित झाली, की टेबलावर पहिली कर्व्ह लावा: 238 ला 255 करायचं. याने मोकळं टेबल शुद्ध पांढरं होतं आणि बाकी सगळं किंचित उजळतं. झाकणाचं प्रतिबिंब साधारण 203 वर येतं, संपर्काची रेघ 129 च्या आसपास. ही पायरी गाळून थेट प्रतिबिंबावर हल्ला केला, तर बाटलीच्या पायाभोवती टेबलाचा करडा डाग राहतो. ‘तरंगतेय’ या तक्रारीनंतर सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार याच डागाची.

दुसरी कर्व्ह फक्त मुख्य फोटोसाठी: 200 ला 255. तिला ग्रेडियंट मास्क द्यायचा. संपर्काच्या रेघेपासून खाली 40 पिक्सेलपर्यंत कर्व्हचा परिणाम शून्य, तिथून वाढत जाऊन 150 पिक्सेलला पूर्ण. प्रतिबिंबातलं सगळं 200 च्या वरच होतं, त्यामुळे खालचा भाग आपोआप पांढरा होतो. पायाजवळ मात्र खरी संपर्काची सावली आणि प्रतिबिंबाचा पहिला बारीक पट्टा जागेवर राहतो. नवी सावली रंगवायची वेळच येत नाही, आणि म्हणून ‘चिकटवल्यासारखं’ हा शेराही येत नाही. कॅमेऱ्याने टिपलेल्या सावलीला बुडाच्या वळणाचा अचूक आकार असतो. हाताने काढलेल्या लंबवर्तुळाला तो आणणं कठीण.

एवढं करूनही बाटलीसमोर पिवळसर डाग उरेल. मागून आलेला प्रकाश तपकिरी काचेतून गाळून टेबलावर पडलेला असतो. त्यात निळा चॅनल कमी असतो, म्हणून कर्व्हने उजळवला तरी पिवळी झाक टिकते. 150 पिक्सेलच्या पलीकडे ती पांढऱ्या ब्रशने साफ करा. आतला भाग ठेवा. तो पूर्ण काढलात, तर काचेतून प्रकाश आरपार जातोय हेच कळत नाही आणि बाटली तपकिरी प्लॅस्टिकची वाटायला लागते. शेवटी वर थ्रेशोल्डचा तात्पुरता लेयर टाकून 255 वर ठेवा. जिथे शुद्ध पांढरं नाही ते सगळं काळं दिसेल आणि राहून गेलेले ठिपके लगेच सापडतील. तपासून झालं की तो लेयर काढायला विसरू नका.

बॅनरसाठी दुसरी कर्व्ह बंद. तिथे पहिल्या कर्व्हनंतरचं प्रतिबिंब ठेवायचं आणि खाली जाता जाता विरघळवायचं. किती लांबीत, याचं उत्तर बाटलीनेच दिलेलं आहे: लेबलाची खालची कड पायापासून 700 पिक्सेल वर आहे. कॅमेरा इतका खाली असताना प्रतिबिंबात ते अंतर जवळपास तेवढंच दिसतं. म्हणून 600 पिक्सेलच्या आत प्रतिबिंब संपवलं, की उलटी अक्षरं दिसतच नाहीत. क्लायंटची मूळ तक्रार मिटते आणि बाटली टेबलावर टेकलेलीही राहते. फक्त फेड सरळ रेषेत उतरवू नका. पहिल्या दोनशे-अडीचशे पिक्सेलमध्ये अर्धी तीव्रता गेली पाहिजे, उरलेली सावकाश. सरळ उतरता ग्रेडियंट दिला, तर डोळ्याला एक पट्टी जाणवते. खालच्या बाजूला थोडा ब्लर वाढवला तर शोभतो, कारण प्रतिबिंबातला बाटलीचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून खरोखर जास्त लांब असतो आणि फोकसमधून तसाही सुटत जातो.

तरंगतेय की नाही, हे कसं ओळखायचं

100 टक्के झूमवर हे कळत नाही. तिथे आपल्याला संपर्काची रेघ दिसत असते आणि मन समाधान मानतं. फोटो 150 ते 200 पिक्सेल उंचीचा करून बघा. त्या आकारातही बाटलीखाली काहीतरी गडद टिकलं असेल, तर ठीक. ते अदृश्य झालं असेल, तर 40 पिक्सेलचा पट्टा 60 ते 70 करा. संपर्काची रेघ आणखी काळी करू नका. त्याने बाटली टेकत नाही, फक्त तिला काजळ घातल्यासारखं दिसतं.

उडवलेलं प्रतिबिंब पुन्हा बनवायची वेळ आली तर

मूळ फाइल हाताशी नाही आणि क्लायंटला आता प्रतिबिंब हवंय, अशी वेळ येते. बहुतेक जण वस्तूची प्रत उलटी करून खाली ठेवतात. कॅमेरा टेबलाच्या अगदी पातळीत असेल, तर हे खपून जातं. थोडा जरी वर असेल तरी बिंग फुटतं. आरशातलं प्रतिबिंब म्हणजे तीच वस्तू टेबलाखालून पाहिल्यावर दिसेल ती. वरून पाहताना झाकणाचा माथा दिसतो. खऱ्या प्रतिबिंबात तो दिसूच शकत नाही, पण उलट्या प्रतीत दिसतो. बुडाची गोष्ट त्याहून उघड आहे. वरून पाहिलेल्या गोल बाटलीच्या बुडाची पुढची कड खाली फुगलेली असते. उलट्या प्रतीत ती वर फुगते, आणि दोन कमानी फक्त मधोमध भेटतात. दोन्ही बाजूंना पाचरीसारख्या पांढऱ्या फटी उरतात.

गोल वस्तूसाठी उलट्या प्रतीला वॉर्पने वाकवून तिची वरची कड बुडाच्या कमानीला जुळवता येते, आणि माथ्याचा भाग फेडमध्ये गडप करता येतो. खोक्याच्या दोन बाजू दिसत असतील, तर प्रत्येक बाजू वेगळी उलटून आणि तिरकी करून बसवावी लागते. वेडेवाकडे आकार, हँडलची भांडी, गुंडाळलेल्या वायरी यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे खालून दिसणारी बाजू फोटोत कुठेच नसते, आणि बनवलेलं प्रतिबिंब खोटंच दिसतं. अशा वेळी सावलीवर भागवावं किंवा पुन्हा शूट करावं.

हा प्रश्न शूटच्या वेळी किती सोडवता येतो

बराच. प्रतिबिंब किती जोरदार असेल, हे मुख्यतः कॅमेऱ्याच्या कोनावर ठरतं. काच किंवा अ‍ॅक्रिलिकचा वरचा पृष्ठभाग, कॅमेरा टेबलापासून 10 अंश वर असताना साधारण 39 टक्के प्रकाश परत फेकतो. 30 अंशांवर तो 9 टक्क्यांवर येतो आणि 45 अंशांवर 5 टक्क्यांवर. म्हणजे कॅमेरा थोडा वर नेणं हे रिटचिंगच्या तासाभराच्या कामाइतकं मोलाचं असू शकतं. पण त्याने वस्तूचा दृष्टिकोन बदलतो, झाकणाचा माथा जास्त दिसतो, आणि आधी ठरलेल्या कॅटलॉगशी तो जुळणार नाही.

पोलरायझर फिल्टर टेबलापासून 34 अंशांच्या आसपास सर्वांत चांगला चालतो; तिथे तो अ‍ॅक्रिलिकवरचं प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. दहा अंशांवर तो ते कमी करतो, घालवत नाही. खऱ्या आरशावर किंवा धातूच्या पत्र्यावर त्याचा उपयोग नगण्य. शिवाय तो लेबलावरची आणि काचेवरची झळाळीही खातो, म्हणून एकाच फ्रेमवर विसंबू नका. ट्रायपॉड न हलवता दोन फ्रेम घ्या: एक फिल्टर फिरवून प्रतिबिंब सर्वांत कमी असलेली, दुसरी सर्वांत जास्त. बाटली एकीतून, टेबल दुसरीतून, आणि मधलं प्रमाण मास्कने ठरवायचं. मग ‘थोडं कमी करा’, ‘थोडं वाढवा’ हे निरोप ओपॅसिटीच्या एका सरकपट्टीवर निभावतात.

ग्रिडमध्ये उड्या मारणारी उत्पादनं

एक तक्रार वरवर वेगळी दिसते, पण मूळ हेच असतं: कॅटलॉगच्या पानावर काही वस्तू शेजारच्यांपेक्षा वर सरकलेल्या आणि लहान दिसतात. फाइल पारदर्शक पार्श्वभूमीवर काढलेली असेल, तर आपोआप क्रॉप करणारी प्रक्रिया मास्कची खालची कड शोधते. प्रतिबिंब ठेवलेल्या फाइलमध्ये ती कड प्रतिबिंबाच्या शेवटी असते, उडवलेल्या फाइलमध्ये बुडाशी. 2400 पिक्सेलच्या बाटलीखाली 600 पिक्सेलचं प्रतिबिंब धरलं, तर चौकटीत बसवताना बाटली पाचव्या हिश्शाने लहान होते. उपाय असा: प्रत्येक फाइलमध्ये संपर्काच्या रेघेवर गाइड टाका आणि सगळ्या वस्तू त्या गाइडवर जुळवा, मास्कच्या कडेवर नाही. संपूर्ण मालिकेत फेडचं अंतर एकच ठेवा. उंच बाटलीला लांब आणि बुटक्या डबीला आखूड असं उंचीच्या प्रमाणात केलं, तर पानावर तळाची ओळ खालीवर होते. अंतर ठरवताना मालिकेतल्या ज्या वस्तूचं लेबल पायाच्या सगळ्यात जवळ आहे, ती धरा. बाकीच्या वस्तूंची अक्षरं मग आपोआप फेडच्या पलीकडे राहतात.